25 किलोमीटर खोल विहीर आणि एक जास्तीचं उत्तर

पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा उत्तरपत्रिकेचा फोटो आला. गणित होतं √(x + 7) = x − 5. मुलाने दोन्ही बाजूंचा वर्ग करून x + 7 = x² − 10x + 25 मिळवलं, ते आवरून x² − 11x + 18 = 0 लिहिलं, अवयव पाडले आणि उत्तर दिलं: x = 9 किंवा x = 2. गुण कापला होता. वडिलांचं म्हणणं, आकडेमोडीत एकही चूक नाही, मग गुण कापला कशाबद्दल?

आकडेमोड खरंच बिनचूक आहे. पण मूळ समीकरणात 2 टाकून बघा. डावीकडे √9, म्हणजे 3. उजवीकडे 2 − 5, म्हणजे −3. जमत नाही. 9 टाकलं की दोन्हीकडे 4 येतात.

गंमत म्हणजे मुलाने पडताळाही घेतला होता. वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या नको, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने x + 7 तपासलं: एकदा 16, एकदा 9, दोन्ही धन, दोन्ही उत्तरं पास. हा पडताळा इथे कधी नापास करूच शकत नाही. वर्ग केल्यावर x + 7 हे (x − 5)² एवढं ठरलेलं असतं आणि वास्तव संख्येचा वर्ग ऋण होत नाही. तपासायला हवी होती उजवी बाजू. वर्गमूळ शून्य किंवा धन असतं, तेव्हा x − 5 सुद्धा तसंच हवं. 2 तिथेच गळतो.

ग्रुपवर कुणीतरी लगेच म्हणालं, "√9 म्हणजे ±3, मग −3 का नाही?" वर्ग 9 असलेल्या संख्या दोन आहेत हे खरं, पण √ हे चिन्ह त्यातल्या धन संख्येसाठीच राखलेलं आहे. ते दोन्ही चिन्हं पोटात घेऊन फिरत असतं, तर वर्गसमीकरणाच्या सूत्रात √ च्या आधी ± वेगळं लिहायची गरजच पडली नसती.

आता हा 2 आला कुठून? a = b असेल तर a² = b² असतंच, म्हणून वर्ग केल्याने खरं उत्तर हरवत नाही. उलट येताना मात्र a² − b² = (a − b)(a + b) आडवं येतं: a = b तरी, नाहीतर a = −b. म्हणजे वर्ग केला त्या क्षणी आपण √(x + 7) = 5 − x हे दुसरं समीकरणही नकळत सोबत घेतलं. त्यात 2 घाला, 3 = 3. उत्तर बरोबर आहे, फक्त ते न विचारलेल्या प्रश्नाचं आहे.

हे भौतिकशास्त्रात फार सुंदर दिसतं. विहिरीत दगड सोडला आणि 3 सेकंदांनी 'डुबुक' ऐकू आलं. पाणी किती खोल? गुरुत्व त्वरण 10 मी/से², ध्वनीचा वेग 340 मी/से धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. दगड पडायला √(d/5) सेकंद आणि आवाज वर यायला d/340 सेकंद, म्हणून √(d/5) = 3 − d/340. वर्ग करून सोडवलं की d साधारण 41.4 मीटर किंवा 25,119 मीटर! दुसरं उत्तर आपण हसून फेकतो, पण ते अवाढव्य आहे म्हणून चूक नाही. तिथे 3 − d/340 जवळजवळ −70.9 येतं, म्हणजे दगड पडायला उणे 70.9 सेकंद! चिन्ह फिरवून वाचा. आवाजाला 73.9 सेकंद आणि दगडाला 70.9, फरक 3. प्रश्न असा होतो: दगड आणि आवाज एकदम खाली सोडले, तर किती खोलीवर दगड 3 सेकंद आधी पोचेल? आपल्या गृहीतकांत सतत वेग घेत जाणारा दगड शेवटी आवाजाला मागे टाकतोच.

फॉरवर्ड होत फिरणारी '2 + 2 = 5' ची सिद्धताही याच फटीतून येते. 16 − 36 = 25 − 45, दोन्हीकडे 81/4 मिळवा, (4 − 9/2)² = (5 − 9/2)², 'म्हणून' 4 = 5. कंसांत −1/2 आणि 1/2 आहेत. यात प्राचीन गूढ वगैरे काही नाही.

घनमुळाला हा त्रास नाही, कारण वास्तव संख्यांत घन केल्यावर चिन्ह टिकतं. वर्गमुळं दोन असली की मात्र जास्तच जपावं लागतं. √x + √(x − 5) = 1 घ्या. √(x − 5) = 1 − √x लिहून वर्ग केला की √x = 3, म्हणून x = 9. दोन्ही मुळांखाली धन संख्या, सगळं ठीक दिसतं. पहिल्या ओळीत 9 टाकलं की 3 + 2 = 5 येतं, 1 नाही. या समीकरणाला उत्तरच नाही, आणि उत्तरपत्रिकेत तेच लिहायचं असतं.