दोन तारांच्या बसवरून तापमान-वाचन

क्लॉकची एससीएल आणि डेटाची एसडीए अशा दोनच तारांवरून मायक्रोकंट्रोलरने तापमान-सेन्सरकडून मोजमाप मिळवण्याची पद्धत. ग्राउंडची तार सामाईक असावीच लागते, पण ती या दोनांत धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीत एलएम75 हा अर्ध्या अंशाच्या पायरीने मोजणारा सेन्सर उदाहरणादाखल घेतला आहे.

ही बस फिलिप्स कंपनीने विकसित केली. तिचे जन्मवर्ष कोठे 1980, तर बऱ्याच ठिकाणी 1982 असे दिलेले आढळते. काम सुरू झाल्याचे वर्ष आणि बस बाजारात आल्याचे वर्ष यांची सरमिसळ त्यामागे असावी. ‘1980 च्या दशकाच्या आरंभी’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. मूळ नाव आयटूसी. अ‍ॅटमेलने आपल्या चिपसाठी ‘टू-वायर इंटरफेस’ हे नाव योजले, ते बहुधा ट्रेडमार्क टाळण्यासाठी. पत्ता लिहिण्याच्या रीतीही दोन आहेत. एलएम75 च्या पत्त्याच्या तिन्ही पिना ग्राउंडला जोडल्या की त्याचा सात बिटांचा पत्ता 0x48 होतो. काही लेखक त्याला लिहा-वाचा बिट जोडून 0x90 आणि 0x91 असे दोन पत्ते देतात. सात बिटांची रीत मूळ विनिर्देशाला धरून आहे.

दोन्ही तारा पुल-अप रेझिस्टरमुळे एरवी वरच्या पातळीवर असतात. बसवरची कोणतीही चिप तार खाली ओढू शकते किंवा सोडून देऊ शकते. वर ढकलू शकत नाही. त्यामुळे एकानेही एसडीए खाली धरली, की ती सर्वांसाठी खालीच राहते. एसडीएने आपली पातळी एससीएल खाली असतानाच बदलायची, हा डेटाचा नियम. तो मुद्दाम मोडून दोन खुणा तयार होतात: एससीएल वर असताना एसडीए खाली आली तर स्टार्ट, वर गेली तर स्टॉप.

प्रत्येक बाइटचे आठ बिट गेले की पाठवणारा एसडीए सोडतो. नवव्या क्लॉकला घेणाऱ्याने ती खाली ओढली तर पोच मिळाली, म्हणजे अ‍ॅक. तार वरच राहिली तर नॅक. पत्त्यानंतरच नॅक आला, तर पत्ता, जोडणी किंवा वीजपुरवठा यांत दोष शोधावा.

तापमान वाचताना मायक्रोकंट्रोलर स्टार्ट देऊन 0x90 पाठवतो आणि अ‍ॅक मिळाल्यावर तापमान-रजिस्टरचा क्रमांक 0x00 देतो. त्याचीही पोच आली की स्टॉप न देता पुन्हा स्टार्ट, मग 0x91. येथून भूमिका उलटतात: बाइट सेन्सर पाठवतो आणि पोच मायक्रोकंट्रोलर देतो. पहिल्या बाइटला अ‍ॅक, दुसऱ्याला नॅक, मग स्टॉप. आर्डुइनोवर हेच असे लिहितात:

```
Wire.beginTransmission(0x48);
Wire.write(0x00);
Wire.endTransmission(false);
Wire.requestFrom(0x48, 2);
uint8_t hi = Wire.read();
uint8_t lo = Wire.read() & 0x80;
float t = (int16_t)((hi << 8) | lo) / 256.0;
```

0x19 आणि 0x80 आले तर तापमान 25.5 अंश सेल्सिअस; 0xE6 आणि 0x80 आले तर उणे 25.5. दुसऱ्या बाइटचा फक्त सर्वांत वरचा बिट अर्थपूर्ण असतो. तोच अर्ध्या अंशाचा बिट.

शेवटचा नॅक हा उपचार नव्हे. ‘आता पुढचा बाइट नको’ हे सेन्सरला सांगण्याचा तोच मार्ग आहे. समजा, प्रोग्रामने पूर्ण अंशच हवेत म्हणून एकच बाइट वाचला, पण त्याला चुकून अ‍ॅक दिला. सेन्सर लगेच दुसऱ्या बाइटचा पहिला बिट तारेवर ठेवतो. तापमान 25.5 असेल तर तो बिट 1, म्हणून एसडीए मोकळी असते आणि स्टॉप सुरळीत जातो. 25.0 असेल तर बिट 0. सेन्सर एसडीए खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहतो, आणि एसडीए वर जाऊ शकत नसल्याने स्टॉप घडतच नाही. परिणामी काही तापमानांना प्रोग्राम नीट चालतो आणि खोली जराशी थंड किंवा गरम झाली की बस अडकते. असा दोष पुल-अपचा किंवा सैल तारेचा वाटतो. मायक्रोकंट्रोलर रीसेट करूनही तो जात नाही, कारण सेन्सरची वीज चालूच असते. लॉजिक अ‍ॅनालायझरवर एससीएल वर आणि एसडीए सतत खाली दिसली, की हे निदान जवळजवळ पक्के समजावे. अशा वेळी एसडीए सोडून, ती वर येईपर्यंत एससीएलवर जास्तीत जास्त नऊ क्लॉक द्यावेत आणि मग स्टॉप द्यावा. एलएम75 च्या डेटाशीटमध्येही हाच उपाय दिला आहे.