लव्ह स्प्रेडमधलं उलटं कार्ड: अडलेलं, आत वळलेलं की लांबलेलं?

टॅरो वाचताना नाइट ऑफ कप्स सरळ आला की प्रेमाचा प्रस्ताव घेऊन कोणीतरी येतंय, याबद्दल रीडर मंडळींमध्ये फारसा वाद होत नाही. वाद सुरू होतो तो कार्ड उलटं पडल्यावर. १९०९ च्या अखेरीस लंडनमध्ये निघालेल्या आणि आजही सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या डेकच्या १९१० सालच्या पुस्तकात उलट्या नाइट ऑफ कप्सचा अर्थ सरळ सरळ फसवणूक, चलाखी, दुटप्पीपणा असा दिलेला आहे. आज तेच कार्ड लव्ह स्प्रेडमध्ये, म्हणजे प्रेमाच्या प्रश्नासाठीच्या मांडणीत, उलटं आलं की बहुतेक ठिकाणी ऐकू येतं, ‘त्याच्या मनात आहे, पण तो बोलत नाही.’ कुणी म्हणतं, ‘येईल, थोडा वेळ लागेल.’ एकाच चित्राला हे तीन इतके वेगळे अर्थ एकाच काळात चिकटलेले नाहीत. ते थरांनी चढत गेले आणि खालचा थर कधी पुसला गेला नाही.

सर्वात खालचा थर पॅरिसचा. १७७० साली तिथल्या एका भविष्य सांगणाऱ्याने खेळायच्या ३२ पानांवर पुस्तक लिहिलं आणि प्रत्येक पानाला सरळ आणि उलटा असे दोन अर्थ दिले. पुढे १७८९ मध्ये त्याने खास भविष्यासाठी टॅरोची जोडी काढली. तिच्यावर वरच्या कडेला एक शब्द आणि खालच्या कडेला उलटा छापलेला दुसरा शब्द होता. म्हणजे उलटं कार्ड हा त्या काळी वेगळ्या अर्थाचा वेगळा पत्ताच होता. तिथे ‘एनर्जी’ नव्हती, काही अडत नव्हतं, काही आत वळत नव्हतं. ७८ पत्त्यांमधून १५६ उत्तरं मिळत होती, एवढाच त्याचा उपयोग.

लंडनच्या पुस्तकातले बरेच उलटे अर्थ याच फ्रेंच याद्यांवरून आले. त्यामुळे तिथे एस ऑफ कप्स उलटा आला की ‘खोट्या हृदयाचं घर’ आणि लव्हर्स उलटं आलं की फसलेलं लग्न. विशेष म्हणजे ज्या गुप्त मंडळाच्या परंपरेतून ही डेक निघाली, ते मंडळ स्वतः उलटी कार्डं वाचत नव्हतं. शेजारच्या कार्डांचं तत्त्व, म्हणजे अग्नी, पाणी, वायू की पृथ्वी, जुळतं की भांडतं, यावरून ते कार्डाचं बळ ठरवत असत. हा धागा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे अडलेलं, आत वळलेलं आणि लांबलेलं हे तिन्ही अर्थ वेगळे काढायला शेजारचं कार्डच उपयोगी पडतं.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. टॅरो भविष्याकडून मनाकडे वळला आणि कार्ड म्हणजे घटना न राहता माणसातला एक प्रवाह झाला. प्रवाह म्हटलं की तो उलटा होत नाही. तो अडतो, आतल्या आत फिरतो किंवा अजून पोचलेला नसतो. २००२ साली फक्त उलट्या कार्डांवर एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात उलटं कार्ड वाचण्याचे डझनभर मार्ग मांडलेले होते. प्रेमाच्या प्रश्नांत त्यातले तीनच जास्त रुळले, आणि त्या तिघांतला एक बाकीच्यांची जागा खाऊन बसला. तो म्हणजे विलंब.

विलंबाचं असं झालं याचं कारण मांडणीतच आहे. लव्ह स्प्रेडची शेवटची जागा जवळपास नेहमी ‘पुढे काय’ अशी असते. तिथे उलटं कार्ड आलं आणि समोर आशेने कोणी बसलं असेल, तर ‘नाही’ म्हणणं जड जातं. ‘उशीर आहे’ म्हणणं सोपं जातं, आणि ते कधी खोटंही ठरत नाही, कारण तारीख दिलेलीच नसते. मग तीच व्यक्ती महिन्याभराने तोच प्रश्न घेऊन येते, पुन्हा उलटं कार्ड पडतं, पुन्हा उशीर. एखादी व्यक्ती अशी वर्षभर वाट पाहत राहू शकते. म्हणून विलंब हा अर्थ तिघांत सर्वात कडक अटींवर वापरायला हवा.

पहिली अट अशी की कार्डात मुळात चाल हवी. एट ऑफ वाँड्स, चॅरिएट, व्हील ऑफ फॉर्च्यून, चारही नाइट आणि चारही एस यांच्यात काहीतरी निघालेलं किंवा सुरू होणारं असतं, ते उशिरा पोचू शकतं. फोर ऑफ कप्समध्ये माणूस झाडाखाली हाताची घडी घालून बसलाय. तो उलटा आला म्हणून ‘उशीर’ म्हणायला तिथे काही निघालेलंच नाही. दुसरी अट, कार्ड येणाऱ्या काळाच्या जागेवर हवं. समोरच्याच्या भावनांच्या जागी पडलेलं उलटं कार्ड वेळेबद्दल सहसा काही सांगत नाही. तिसरी अट सर्वात महत्त्वाची: कशामुळे उशीर, हे मांडणीत दुसऱ्या कार्डावर दिसलं पाहिजे. कारण दिसत नसेल तर ‘उशीर’ हा शब्द तोंडातून काढू नये.

यात आणखी एक गुंता आहे आणि तो बहुतेक याद्यांमध्ये झाकलेला राहतो. जी एनर्जी आत्ता पूर्ण नाही ती अजून यायची असेल, किंवा येऊन ओसरत असेल. दोन्हीसाठी कार्ड उलटंच दिसतं. टू ऑफ कप्स उलटा म्हणजे जवळीक जुळायची बाकी आहे की सुटत चालली आहे? इथे भूतकाळाच्या जागेकडे बघावं. तिथे एस किंवा पेज ऑफ कप्स असेल तर गोष्ट सुरुवातीची आहे, यायची बाकी आहे. तिथे टेन ऑफ कप्स किंवा सरळ लव्हर्स असेल तर भरती होऊन गेली आहे. अशा वेळी ‘उशीर’ म्हणणं म्हणजे संपत आलेल्या नात्यात माणसाला अडकवून ठेवणं.

उरलेल्या दोघांचं इतकं अवघड नाही. अडलेलं कार्ड म्हणजे दोघांमध्ये काहीतरी वाहायला तयार आहे पण मध्ये धोंडा आहे. तो धोंडा शोधून दाखवता आला तरच हा अर्थ घ्यायचा, आणि तो बहुधा शेजारी किंवा अडथळ्याच्या जागी सरळ पडलेला असतो. आत वळलेला अर्थ व्यक्तीच्या जागेवर, पेज, नाइट, क्वीन, किंग या कोर्ट कार्डांवर किंवा कप्सच्या पत्त्यांवर सर्वात नीट बसतो: भावना आहे, बाहेर येत नाही. पण जी कार्डं सरळ असतानाच आत वळलेली आहेत, म्हणजे हर्मिट, हाय प्रीस्टेस, फोर ऑफ स्वोर्ड्स, त्यांना उलटं आल्यावर पुन्हा ‘आत वळलेलं’ म्हणण्यात अर्थ नाही. हर्मिट उलटा आला तर एक तर माणूस एकांतातून बाहेर येतोय, नाही तर नकोसा एकटेपणा त्याच्या गळ्यात पडलाय.

आता एक मांडणी बघू. जागा पाच: विचारणारी, समोरची व्यक्ती, दोघांमधलं, अडथळा, पुढची दिशा. प्रश्न असा की बोलणं रोज होतं, मग नात्याचा विषय पुढे का सरकत नाही? कार्डं अशी पडली: क्वीन ऑफ वाँड्स सरळ, नाइट ऑफ कप्स उलटा, टू ऑफ कप्स उलटा, फोर ऑफ पेंटॅकल्स सरळ, एट ऑफ वाँड्स उलटा.

वाचायला सुरुवात सरळ पडलेल्या अडथळ्यापासून करावी. फोर ऑफ पेंटॅकल्समध्ये मुकुट घातलेला माणूस एक नाणं छातीशी घट्ट धरून बसलाय, दोन पायांखाली दाबलीत, एक डोक्यावर. तो जागचा हलूच शकत नाही. हा धोंडा मिळाला की टू ऑफ कप्स अडलेला आहे हे ठरतं: जवळीक आहे, पण हातातलं सोडायची तयारी नाही, मग ते पैसे असोत, सवयीचं आयुष्य असो की जुनी भीती. नाइट ऑफ कप्स व्यक्तीच्या जागेवर आहे, म्हणून तो आत वळलेला. चित्रातला त्याचा घोडा सरळ असतानाही संथ पावलांनीच चालतो. एट ऑफ वाँड्स तिन्ही अटी पाळतो: त्यात चाल आहे, तो पुढच्या दिशेच्या जागी आहे आणि कारण चौथ्या जागेवर दिसतंय. म्हणून इथे विलंब म्हणता येतो, पण तो घड्याळाचा नाही. मूठ सैल झाली तर सुटेल, नाही झाली तर नाही. विचारणारीला आठवडे किंवा महिने सांगू नयेत. काय घट्ट धरलंय ते समोरच्याला विचारायला सांगावं.

याच मांडणीत फक्त चौथं कार्ड बदलून बघा. तिथे सेव्हन ऑफ स्वोर्ड्स सरळ आला, म्हणजे तलवारी उचलून पाय न वाजवता निसटणारा माणूस, तर नाइट ऑफ कप्सला ‘आत वळलेला’ म्हणण्याचा आधार जातो आणि १९१० चा जुना अर्थ पुन्हा लागू होतो. गोड बोलणं आहे, मागे वेगळंच चाललंय. नवीन वाचनपद्धतीने जुने अर्थ रद्द केले असं मानणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. न बोलणारा आणि लपवणारा बाहेरून सारखेच दिसतात, आणि समोर बसलेली व्यक्ती पहिलाच ऐकायला आलेली असते.

राहिला हाताळणीचा भाग. नवीन डेकमधली सगळी कार्डं एका दिशेला असतात. पिसताना गठ्ठ्याचा एखादा भाग फिरवला नाही, तर कितीही पिसलं तरी उलटं कार्ड येत नाही. त्यासाठी गठ्ठा तीन भागांत तोडून एक भाग अर्धा फिरवायचा आणि पुन्हा पिसायचं, असं निदान तीन-चार वेळा. कार्ड उघडताना पुस्तकाच्या पानासारखं बाजूने उलटावं. वरून खाली पलटवलं तर सरळ असलेलं उलटं होतं आणि सगळं वाचनच फिरतं. दिशा वाचणाऱ्याच्या बाजूने धरायची, समोर बसलेल्याच्या नाही, आणि हे आधीच ठरवून ठेवायचं. एट ऑफ वाँड्समध्ये माणूस नाही, तिरप्या काठ्याच आहेत, त्यामुळे तिथे नजर फसते. जमीन आणि नदीची बाजू खाली आहे का ते बघावं.

पाचपैकी चार कार्डं उलटी आली की ‘नातं पूर्ण जाम झालंय’ असं सर्रास सांगितलं जातं. नीट पिसलेल्या डेकमध्ये पाच कार्डांत चार किंवा पाचही उलटी येण्याची शक्यता ३२ मध्ये ६ आहे. साधारण पाच-सहा मांडण्यांत एकदा हे होणारच. पाचही उलटी वारंवार येऊ लागली, तर आधी अख्खा गठ्ठाच उलटा धरलाय का ते तपासावं.