ऑटो की डिझेल : तक्त्यातल्या एका ओळीची दोन उत्तरे

यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ऊष्मागतिकीच्या वहीत एक तक्ता असतोच असतो. एका रकान्यात ऑटो चक्र, दुसऱ्यात डिझेल चक्र, खाली कार्यक्षमतेची सूत्रे आणि शेजारी पुन्हा काढायच्या दोन-दोन आकृत्या. या तक्त्याच्या तळाशी बहुतेकांनी एक ओळ लिहिलेली असते, ‘कार्यक्षमता : ऑटो > डिझेल’. ही ओळ पाठ करून वर्गाबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला मात्र रस्त्यावर उलटेच दिसते, कारण लांब पल्ल्याचे ट्रक, ट्रॅक्टर आणि जहाजे डिझेलवर चालतात आणि ती कमी इंधनात जास्त काम करतात. ओळ चुकीची नाही, पण अर्धी आहे. तुलना करताना काय समान धरले, हे तिच्यात लिहायचे राहिलेले असते.

आधी सूत्रे. निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चारस्ट्रोक इंजिन चालवून दाखवले, त्याच्या आदर्श रूपाला आपण ऑटो चक्र म्हणतो. यात हवा दाबली जाते, दट्ट्या वर टेकलेला असतानाच, म्हणजे आकारमान न बदलता, उष्णता मिळते, मग हवा प्रसरण पावते आणि शेवटी पुन्हा आकारमान न बदलता उरलेली उष्णता बाहेर जाते. डिझेल चक्रात फरक फक्त दुसऱ्या टप्प्यात आहे. तिथे दट्ट्या खाली सरकत असताना, दाब कायम ठेवून उष्णता दिली जाते.

```
ऑटो   :  η = 1 − 1 / r^(γ−1)
डिझेल :  η = 1 − [1 / r^(γ−1)] × [(ρ^γ − 1) / (γ(ρ − 1))]
```

यातले η म्हणजे कार्यक्षमता. r म्हणजे संपीडन गुणोत्तर, दट्ट्या तळाशी असतानाचे आकारमान भागिले तो वर असतानाचे. ρ म्हणजे कट-ऑफ गुणोत्तर, उष्णता देऊन झाल्यावरचे आकारमान भागिले ती द्यायला सुरुवात केली तेव्हाचे. γ म्हणजे कायम दाबाची विशिष्ट उष्णता भागिले कायम आकारमानाची, हवेसाठी तिची किंमत १.४ धरतात. डिझेलच्या सूत्रातला दुसरा कंस नेहमी १ पेक्षा मोठा असतो, त्यामुळे r तोच ठेवला तर डिझेलची कार्यक्षमता ऑटोपेक्षा कमीच येते. वहीतली ती ओळ इथूनच आली.

आता आकडे घालून पाहू. हवा ३०० केल्विन तापमानाला आणि १ बार दाबाला आत घेतली आणि प्रत्येक किलो हवेला बरोबर १००० किलोज्यूल उष्णता दिली असे धरू. तीन इंजिने घेऊ. ‘अ’ हे १६ संपीडन गुणोत्तराचे ऑटो, ‘ब’ हे त्याच गुणोत्तराचे डिझेल आणि ‘क’ हे असे ऑटो, ज्याचा कमाल दाब ‘ब’ इतकाच राहावा म्हणून गुणोत्तर ७.१ पर्यंत खाली आणले आहे.

| | अ : ऑटो, r = 16 | ब : डिझेल, r = 16 | क : ऑटो, r = 7.1 |
|---|---|---|---|
| संपीडनानंतरचे तापमान, T2 (केल्विन) | ९०९ | ९०९ | ६५७ |
| कमाल तापमान, T3 (केल्विन) | २३०२ | १९०४ | २०५० |
| कमाल दाब (बार) | १२२.८ | ४८.५ | ४८.५ |
| प्रसरणानंतरचे तापमान, T4 (केल्विन) | ७६० | ८४४ | ९३६ |
| एन्ट्रॉपीतील वाढ (किलोज्यूल प्रति किलो केल्विन) | ०.६६७ | ०.७४३ | ०.८१७ |
| बाहेर टाकलेली उष्णता (किलोज्यूल) | ३३० | ३९१ | ४५७ |
| कार्यक्षमता (टक्के) | ६७.० | ६०.९ | ५४.३ |

‘अ’ आणि ‘ब’ शेजारी ठेवले तर ऑटो जिंकते. ‘ब’ आणि ‘क’ शेजारी ठेवले तर डिझेल जिंकते. ‘अ’ च्या दाबाच्या चौकटीत मात्र १२२.८ हा आकडा आहे, म्हणजे डिझेलच्या अडीचपट. शिवाय पेट्रोल आणि हवेचे मिश्रण १६ पट दाबले तर ठिणगी पडण्याआधीच किंवा ज्वाला पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो आणि इंजिन ठोके मारू लागते. म्हणून नेहमीच्या पेट्रोल इंजिनाचे गुणोत्तर साधारण ८ ते १२ च्या आसपास ठेवावे लागते. डिझेल इंजिन नुसती हवाच दाबते, इंधन नंतर फवारते, त्यामुळे आधी पेटायला तिथे काही नसतेच आणि १६ किंवा १८ गुणोत्तर सहज चालते. ‘अ’ हे तक्त्यातले इंजिन आहे, ‘ब’ आणि ‘क’ हे कारखान्यात बनू शकणाऱ्या इंजिनांच्या जवळ जाणारे. माझ्या मते परीक्षेत तुलना विचारताना ‘काय समान धरून’ हे शब्द प्रश्नात नसतील तर तो प्रश्नच अपुरा आहे.

आता आकृत्यांकडे वळू, कारण वहीतल्या चुका तिथेच दिसतात. पी-व्ही, म्हणजे दाब आणि आकारमानाची आकृती आलेख कागदावर काढायची तर उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला १० बार आणि आडव्या अक्षावर १ सेंटिमीटरला ०.१ घनमीटर प्रति किलो हे प्रमाण सोयीचे पडते. सुरुवातीचे आकारमान ०.८६१ येते, म्हणून बिंदू १ उभ्या अक्षापासून साडेआठ सेंटिमीटरपेक्षा थोडा दूर बसतो. १६ पट दाबल्यावर बिंदू २ अक्षापासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. पुस्तकातल्या आकृतीत हा बिंदू ऐसपैस आत असतो, तो फक्त अक्षरे बसावीत म्हणून, आणि तशीच नक्कल केली की r च्या किमतीशी आकृतीचा संबंध तुटतो.

संपीडनाची वक्ररेषा हाताने ‘साधारण अशी’ काढण्याची गरज नाही. आकारमान निम्मे झाले की दाब २ चा १.४ वा घात, म्हणजे २.६४ पट होतो, एवढे लक्षात ठेवले की पुरते. १ बारपासून निघून आकारमान चार वेळा निम्मे करत गेलो की दाब २.६४, ६.९६, १८.४ आणि ४८.५ बार असा चढतो, आणि हे पाच बिंदू जोडले की वक्र तयार. तापमान कायम राहिले असते तर याच बिंदूंवर २, ४, ८, १६ आले असते. बऱ्याच वह्यांतला वक्र या दुसऱ्या रेषेच्या जवळ, म्हणजे फार सपाट असतो. तपासायला सोपा मार्ग आहे. या प्रमाणात १ चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० किलोज्यूल, म्हणून ‘ब’ च्या बंद आकृतीचे क्षेत्रफळ ६.१ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरले पाहिजे. चौकोन मोजून चार भरले, तर वक्र चुकला आहे.

टी-एस, म्हणजे तापमान आणि एन्ट्रॉपीच्या आकृतीत उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला २०० केल्विन आणि आडव्यावर १ सेंटिमीटरला ०.१ किलोज्यूल प्रति किलो केल्विन असे प्रमाण घ्यावे, आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. अनेकजण तो ३०० पासून सुरू करतात आणि मग रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे उष्णता, हा या आकृतीचा सगळा उपयोगच जातो. संपीडन आणि प्रसरण इथे सरळ उभ्या रेषा होतात. उष्णता देण्याच्या रेषा मात्र वर चढत जाणारे वक्र असतात आणि ऑटोचा वक्र डिझेलपेक्षा जास्त उभा असतो, कारण कायम आकारमानाला उष्णता दिली तर ती सगळी तापमान वाढवण्यात जाते, कायम दाबाला दिली तर तिचा काही भाग दट्ट्या ढकलण्यात खर्च होतो. दोन्ही वक्र ९०९ केल्विनपासून निघाले आणि १४०० केल्विनपर्यंत चढले, तर ऑटोचा ०.३१ इतका उजवीकडे सरकतो आणि डिझेलचा ०.४३. या दोन आकड्यांचे गुणोत्तर पुन्हा १.४ च आहे. दोन्ही वक्र एकाच उताराचे काढणे ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक.

आता तिन्ही चक्रे एकाच कागदावर, एकाच बिंदू १ पासून काढावीत. उष्णता देणाऱ्या वक्राखालचे क्षेत्रफळ तिन्हींत सारखेच, ५० चौरस सेंटिमीटर भरते, कारण उष्णता सारखीच दिली आहे. उष्णता बाहेर टाकण्याची रेषाही तिन्हींची एकच आहे, ती बिंदू १ मधून जाणारी कायम आकारमानाची रेषा. फरक इतकाच की ‘अ’ या रेषेवर लवकर उतरते, ‘ब’ थोडे उजवीकडे उतरते आणि ‘क’ सर्वांत उजवीकडे. जे जितके उजवीकडे, त्याची तितकी जास्त उष्णता वाया. सूत्र विसरले तरी हा क्रम आकृतीकडे पाहूनच सांगता येतो.

तक्त्यातल्या कमाल तापमानाच्या ओळीवरून मात्र फसू नये. ‘क’ चे कमाल तापमान २०५० केल्विन, ‘ब’ चे १९०४. सादी कार्नो यांनी १८२४ साली मांडलेल्या तत्त्वाची अर्धवट आठवण असलेला विद्यार्थी म्हणेल की जास्त तापलेले ‘क’ अधिक कार्यक्षम हवे. पण कार्नो चक्रात सगळी उष्णता कमाल तापमानालाच मिळते, इथे ती वाटेत थोडी थोडी मिळत जाते. म्हणून सरासरी तापमान पाहायचे, आणि ते काढणे सोपे आहे, दिलेली उष्णता भागिले एन्ट्रॉपीतील वाढ. ‘ब’ साठी १००० भागिले ०.७४३, म्हणजे सुमारे १३४६ केल्विन. ‘क’ साठी सुमारे १२२४, कारण त्याला उष्णता मिळायला सुरुवातच ६५७ केल्विनला होते. ‘ब’ उष्णता बाहेर टाकते ती सरासरी ५२६ केल्विनला, आणि १ वजा ५२६ भागिले १३४६ केले की तेच ६०.९ टक्के हाती येतात. ‘क’ चे बाहेरचे तापमान ५५९ घेऊन त्याचे गणित विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावे.

हे सगळे आकडे आदर्श हवेचे आहेत. खऱ्या ज्वलनात γ तापमानाबरोबर १.४ च्या खाली घसरतो, सिलिंडरच्या भिंती उष्णता खातात, ज्वलनाला वेळ लागतो आणि आकृतीचे टोकदार कोपरे गोलाई धरतात. आजच्या वेगवान डिझेल इंजिनात इंधनाचा पहिला भाग इतका झपाट्याने पेटतो की उष्णता आधी जवळजवळ कायम आकारमानाला आणि मग कायम दाबाला मिळते. या मिश्र चक्राची रेषा ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या मध्ये कुठेतरी पडते. रुडॉल्फ डिझेल यांचे ऑग्सबुर्ग इथले इंजिन १८९७ साली मोजले गेले, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली.