मुदतपूर्व वापर, अमेरिकन ऑप्शनचा

अमेरिकन ऑप्शनच्या धारकाने मुदत संपण्याआधीच आपला हक्क बजावणे, म्हणजे कॉल असेल तर ठरलेल्या भावाने (स्ट्राइक) शेअर घेणे आणि पुट असेल तर त्या भावाने शेअर देणे. युरोपियन ऑप्शनमध्ये हा हक्क फक्त शेवटच्या दिवशी बजावता येतो. लाभांश देणाऱ्या शेअरवर कॉल आणि पुट यांचे मुदतपूर्व वापराचे क्षण वेगवेगळे असतात. कॉलचा क्षण लाभांशाच्या आदल्या घडीला येतो, पुटचा त्यानंतर. या नोंदीत तो फरक द्विपदी वृक्षाच्या, म्हणजे बाजारात ज्याला बायनॉमियल ट्री म्हणतात त्याच्या, तीन पायऱ्यांवर मांडला आहे. या वृक्षात दर पायरीला भाव दोनच वाटांनी जाऊ शकतो, वर किंवा खाली.

‘अमेरिकन’ आणि ‘युरोपियन’ या नावांचा भूगोलाशी संबंध नाही. पॉल सॅम्युअलसन यांच्या १९६५च्या वॉरंटविषयक लेखातून ती रूढ झाली असे सामान्यतः मानतात. वॉल स्ट्रीटवरील कोणी त्यांना हिणवले, म्हणून सोप्या प्रकाराला त्यांनी ‘युरोपियन’ म्हटले, ही कथा सांगोवांगीची आहे. द्विपदी वृक्षाच्या जनकत्वाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९७९मध्ये कॉक्स, रॉस व रुबिनस्टाइन यांचा आणि रेंडलमन व बार्टर यांचा असे दोन लेख स्वतंत्रपणे आले. त्याआधी १९७८च्या पाठ्यपुस्तकात विल्यम शार्प यांनी दोन अवस्थांची कल्पना मांडली होती आणि कॉक्स व सहकाऱ्यांनी तिचे ऋण मान्य केले आहे. त्यामुळे बीज शार्प यांचे व वाढ कॉक्सप्रभृतींची, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून वाटते. वृक्षाला आज नाव मात्र कॉक्स-रॉस-रुबिनस्टाइन यांचेच चिकटले आहे.

लाभांश नसेल तर कॉल मुदतीआधी वापरणे कधीच फायद्याचे नसते, हा निष्कर्ष रॉबर्ट मर्टन यांनी १९७३मध्ये मांडला. त्यामागचे कारण व्यवहारातले आहे. कॉल वापरला की स्ट्राइकची रक्कम आजच मोजावी लागते, म्हणजे तिच्यावरचे व्याज जाते. शिवाय पुढे भाव कोसळला तर ‘मला घ्यायचे नाही’ म्हणण्याची मुभाही जाते. पैशांची गरज असेल तर ऑप्शन विकावा, वापरू नये. पुटचे व्याज उलट दिशेने चालते. पुट वापरला की स्ट्राइकची रक्कम हाती येते, म्हणून थांबण्यात व्याजाचे नुकसान असते आणि लाभांश नसतानाही मुदतपूर्व वापर योग्य ठरू शकतो. लाभांशाने कॉलला घाई करण्याचे कारण मिळते, तर पुटला थांबण्याचे.

उदाहरणासाठी एक शेअर घेऊ. आजचा भाव १०५ रुपये. प्रत्येकी तीन महिन्यांच्या तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला व्याज २ टक्के. दुसऱ्या पायरीच्या शेवटी ५ रुपये २० पैसे लाभांश मिळणार हे ठाऊक आहे. त्याचे आजचे मूल्य ५ रुपये. ते बाजूला काढले की उरतात १०० रुपये, आणि चढउतार या उरलेल्या रकमेचे होतात असे मानायचे: प्रत्येक पायरीला १० टक्के वर किंवा १० टक्के खाली. यावरून किंमत काढण्यापुरती वरच्या फांदीची संभाव्यता (१.०२ − ०.९) ÷ (१.१ − ०.९) = ०.६ येते. ही शेअर वर जाण्याची खरी शक्यता नव्हे.

```
पायरी     ०       १       २        ३
                                १३३.१०
                        १२१
                ११०             १०८.९०
        १००             ९९
                ९०              ८९.१०
                        ८१
                                ७२.९०
```

हा वृक्ष लाभांश वजा केलेल्या भावाचा आहे. प्रत्यक्ष भाव हवा असेल तर लाभांश मिळेपर्यंतच्या गाठींवर त्याचे त्या वेळचे मूल्य परत मिळवावे लागते. पहिल्या पायरीवर ते ५.१० रुपये, म्हणून तिथले भाव ११५.१० आणि ९५.१० होतात. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक गाठीला दोन भाव असतात. शेअर एक्स-डिव्हिडंड होण्याच्या, म्हणजे घेणाऱ्याला तो लाभांश मिळेनासा होण्याच्या, आदल्या घडीला १२६.२०, १०४.२० व ८६.२०, नंतर १२१, ९९ व ८१. दोन्ही ऑप्शनचा स्ट्राइक १०० धरू आणि शेवटाकडून मागे येऊ.

कॉल आधी पाहू. दुसऱ्या पायरीच्या वरच्या गाठीवर थांबण्याचे मूल्य (०.६ × ३३.१० + ०.४ × ८.९०) ÷ १.०२ = २२.९६ रुपये आहे. लाभांशाआधी वापरला तर २६.२० मिळतात. इथे वापरायचा. मधल्या गाठीवर थांबण्याचे मूल्य ५.२४ आणि वापरून ४.२० मिळतात, तेव्हा थांबायचे. कॉल दोन्ही ठिकाणी पैशात आहे, म्हणजे वापरला तर काही हाती येते, लाभांशही तोच; तरी निर्णय निराळे का, हे फोड केली की कळते. वापरल्याने लाभांशाचे ५.२० मिळतात आणि १०० रुपयांवरचे उरलेल्या पायरीचे व्याज, म्हणजे १.९६, जाते. निव्वळ ३.२४ हाती उरतात. त्यातून ‘घेत नाही’ म्हणण्याच्या मुभेची किंमत वजा करायची. वरच्या गाठीवर ती शून्य आहे, कारण पुढे भाव खाली गेला तरी १०८.९० असेल आणि कॉल वापरलाच जाईल. मधल्या गाठीवर भाव ८९.१० होऊ शकतो; तिथे मुभेची किंमत ०.४ × १०.९० ÷ १.०२ = ४.२७ येते, म्हणजे ३.२४पेक्षा जास्त. म्हणूनच कॉल खोल पैशात असेल, लाभांश मोठा असेल आणि मुदत थोडीच उरली असेल तेव्हाच आदल्या दिवशी वापर शहाणपणाचा ठरतो. इतर कोणत्याही दिवशी तो वापरण्यात काही मिळत नाही: पहिल्या पायरीच्या वरच्या गाठीवर वापरून १५.१० मिळतील, थांबून १७.४६. मुळाशी आल्यावर अमेरिकन कॉलची किंमत ११.४८ रुपये निघते, युरोपियनची १०.३६. मधले १.१२ रुपये त्या एकाच गाठीवरून येतात.

पुटचा हिशेब दुसऱ्या पायरीच्या खालच्या गाठीवर पाहावा. थांबण्याचे मूल्य १७.०४ रुपये. लाभांशाआधी वापरला तर १३.८० मिळतात, लाभांशानंतर १९. पुटधारकाला भाव पडलेलाच हवा असतो, म्हणून तो लाभांश होऊ देतो आणि मग वापरतो. १९ आणि १७.०४ यांतला फरक १.९६, म्हणजे पुन्हा तेच व्याज. पुढच्या दोन्ही फांद्यांवर पुट पैशातच राहणार असल्याने थांबण्यात दुसरे काही मिळवण्याजोगे नाही. मधल्या गाठीवर लाभांशानंतर वापरून एक रुपया मिळेल, थांबून ४.२७, तिथे थांबायचे.

खरी गंमत पहिल्या पायरीच्या खालच्या गाठीवर आहे. तिथे थांबण्याचे मूल्य ९.९७ रुपये, वापरून मिळणारे ४.९०, अर्थात थांबायचे. आता असा शेअर घ्या जो लाभांश देतच नाही आणि ज्याचा आजचा भाव १०० आहे. वृक्ष हाच, थांबण्याचे मूल्यही तेच ९.९७, पण वापरून १० रुपये मिळतात. म्हणजे तीन पैशांनी का होईना, वापरणे सरस. येणाऱ्या लाभांशाने तो निर्णय फिरवला. नियमच असा की लाभांशाचे मूल्य त्या तारखेपर्यंतच्या स्ट्राइकवरील व्याजापेक्षा जास्त असेल, तर त्याआधीच्या त्या काळात पुट कितीही खोल पैशात असला तरी वापरू नये, इथे ५.१० विरुद्ध १.९६. पुटची किंमत अमेरिकन ४.८९, युरोपियन ४.५९. युरोपियन जोडीवर पडताळा घेता येतो, कारण तिथे कॉल आणि पुट यांच्या किमतींतला फरक लाभांश वजा केलेला भाव आणि स्ट्राइकचे आजचे मूल्य यांतल्या फरकाइतका असतो: १०.३६ − ४.५९ = ५.७७, आणि १०० − १०० ÷ १.०२³ हेही ५.७७. अमेरिकन जोडीला ही समता लागू होत नाही.

संगणकावर वृक्ष बांधताना नेहमीची चूक म्हणजे लाभांश वजा केलेला भाव थेट स्ट्राइकशी ताडणे. वरच्या गाठीवर मग २६.२०ऐवजी २१ दिसतात, २२.९६पेक्षा कमी म्हणून कॉल कुठेच वापरला जात नाही. अमेरिकन कॉल आणि युरोपियन कॉल यांचे उत्तर पैशापर्यंत सारखे आले की हीच चूक आधी तपासावी. पुटमध्ये ती लपून राहते: पहिल्या पायरीवर खोटे १० रुपये दिसून पुट वापरला जातो आणि किंमत ४.८९ऐवजी ४.९१ येते. दुसरी चूक म्हणजे लाभांशाची तारीख दोन गाठींच्या मध्ये पडू देणे.

लाभांश आधीच बाजूला काढण्याची ही रीत सोयीची आहे, पण वादातीत नाही. तसे न करता दुसऱ्या पायरीवर प्रत्येक भावातून ५.२० वजा केले, तर फांद्या पुन्हा जुळत नाहीत आणि प्रत्येक गाठीपासून नवा वृक्ष फुटतो. शंभर पायऱ्यांच्या वृक्षात पन्नासाव्या पायरीला लाभांश असेल तर शेवटी १०१ऐवजी ५१ × ५१ = २,६०१ गाठी होतात. उलट बाजूला काढण्याच्या रीतीत चढउतार फक्त उरलेल्या रकमेला लागू होतात, म्हणून लाभांशापूर्वी प्रत्यक्ष भावाचा चढउतार काहीसा कमी पडतो. शिवाय एकाच शेअरसाठी लाभांशाच्या आदल्या दिवशी संपणाऱ्या आणि नंतर संपणाऱ्या ऑप्शनांना दोन वेगळ्या प्रक्रिया गृहीत धराव्या लागतात. ई. जी. हॉग, जे. हॉग व लुइस यांनी २००३मध्ये ही विसंगती तपशिलाने दाखवली. त्यांचा आक्षेप ग्राह्य वाटतो. लाभांश भावाच्या ठरावीक टक्क्यांनी धरला तर फांद्या आपोआप जुळतात, मात्र कंपन्या लाभांश जाहीर करतात तो रुपयांत.

वृक्षाशिवायच्या पद्धतींत एकच लाभांश असलेल्या कॉलसाठी रोल (१९७७), गेस्के (१९७९) व व्हेली (१९८१) यांचे सूत्र आहे. पुटला असे बंदिस्त सूत्र नाही. फिशर ब्लॅक यांनी १९७५मध्ये सुचवलेली कामचलाऊ युक्ती अशी की मुदतीपर्यंतचा आणि लाभांशाच्या आदल्या घडीपर्यंतचा असे दोन युरोपियन कॉल काढून मोठा आकडा घ्यावा. आपल्या उदाहरणात हे आकडे १०.३६ आणि ११.०० येतात, म्हणून उत्तर ११ रुपये, वृक्षाच्या ११.४८पेक्षा ते ४८ पैशांनी कमी पडते. ही युक्ती कधी वापरायचे ते आजच ठरवून टाकते, वृक्ष मात्र त्या गाठीवर पोचल्यावर ठरवतो.

अमेरिकेतील बाजारात नेहमीच्या रोख लाभांशासाठी स्ट्राइक बदलत नाहीत, त्यामुळे एक्स-डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी खोल पैशातले कॉल वापरण्याचा प्रश्न तिथे जिवंत आहे. वापरायला हवेत असे कॉल अनेक धारक तसेच ठेवतात आणि त्याचा लाभ कॉल विकणाऱ्यांना होतो, हे पूल, स्टोल व व्हेली यांनी २००८मध्ये दाखवले. करांमुळे भाव लाभांशाइतका पुरता पडत नाही, हेही खऱ्या हिशेबात धरावे लागते. भारतात राष्ट्रीय शेअर बाजारात जुलै २००१मध्ये शेअरवरचे ऑप्शन सुरू झाले ते अमेरिकन पद्धतीचे होते, निर्देशांकावरचे मात्र युरोपियन. २०११च्या आरंभी शेअरवरचेही युरोपियन झाले आणि पडद्यावरच्या `CA`, `PA` या खुणांच्या जागी `CE`, `PE` आल्या.