दहा किलोच्या बाळाला दोन गोळ्या का? लहान मुलांच्या टीबीच्या डोसची पार्श्वभूमी

साठ किलोच्या माणसाला टीबीसाठी रोज 600 मिलीग्रॅम रिफाम्पिसिन देतात, म्हणजे किलोमागे 10 मिलीग्रॅम. दीड-दोन वर्षांच्या, दहा किलोच्या मुलाला त्याच हिशोबाने 100 मिलीग्रॅम पुरायला हवं. पुण्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रावर त्याला मिळतात मात्र 75 मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या, म्हणजे 150. पालक डोस जास्त तर झाला नाही ना असं विचारतात, आणि तो प्रश्न योग्यच आहे. उत्तर मात्र फार जुनं नाही. 2010 पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचाही हिशोब 100 चाच होता.

आयसोनियाझिड 1952 मध्ये आलं आणि रिफाम्पिसिन त्यानंतर. दोन्हींचे डोस ठरले ते मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांतून. मुलांसाठी वेगळी मोजणी न करता तोच किलोमागचा आकडा त्यांनाही लावला गेला: आयसोनियाझिड 5, रिफाम्पिसिन 10, पायराझिनामाइड 25 मिलीग्रॅम. यात गृहीत असं होतं की मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ, वजन सहावा हिस्सा तर औषधही सहावा हिस्सा.

हे गृहीत सर्वात आधी यकृतापाशी चुकतं. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्हींचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो. दोन वर्षांच्या मुलाचं यकृत वजनाच्या मानाने प्रौढाच्या यकृताच्या सुमारे दीडपट असतं, त्यातून रक्तही त्या प्रमाणात जास्त वाहतं, आणि औषध मोडणारी बहुतेक विकरं त्या वयापर्यंत चांगली कामाला लागलेली असतात. म्हणून गोळी पोटात गेली तरी औषध रक्तात फार वेळ टिकत नाही.

किती फरक पडतो याचा अंदाज एका साध्या सूत्राने येतो. शरीराचा निचरा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तो साधारण वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. दहा किलोच्या मुलाचं वजन साठ किलोच्या माणसाच्या सहावा हिस्सा, म्हणजे 17 टक्के. निचरा काढायचा तर:

(10 ÷ 60)^0.75 ≈ 0.26

म्हणजे 17 टक्के वजनाचं मूल प्रौढाच्या 26 टक्के निचरा करतं. 600 चे 26 टक्के काढले तर 156 येतात. दोन गोळ्यांचे 150 मिलीग्रॅम याच्या अगदी जवळ आहेत. हे सूत्र सगळ्या औषधांना लागू पडत नाही, पण मूळ गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते.

सूत्रावर धोरण बदलत नाही. त्यासाठी मुलांच्या रक्तात औषध किती चढतं हे प्रत्यक्ष मोजावं लागलं. 2010 च्या बदलाला दुजोरा देणारा, केपटाऊनमध्ये दोन वर्षांखालच्या 20 मुलांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या डोसवर रिफाम्पिसिनची सर्वोच्च पातळी सरासरी लिटरमागे सुमारे 6.4 मिलीग्रॅम भरली. मोठ्यांमध्ये निदान 8 अपेक्षित असते. किलोमागे 15 मिलीग्रॅम दिल्यावर तीच पातळी 11.7 पर्यंत गेली. आयसोनियाझिड 5 वरून 10 केल्यावर पातळी 3.2 वरून 8.1 झाली. चेन्नईतल्या 2013 च्या अभ्यासातही बहुसंख्य मुलांच्या रक्तात रिफाम्पिसिन अपेक्षेपेक्षा कमी आढळलं, लहान वयात आणि कुपोषणात विशेषतः. माझ्या मते चिंतेची गोष्ट ही होती की कमी डोस दिसून येत नाही. मूल गोळी घेतं, उलटी होत नाही, कावीळ होत नाही, सगळं सुरळीत वाटतं. जंतू मात्र अर्धवट मारला जातो.

2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवे आकडे दिले: आयसोनियाझिड 10, रिफाम्पिसिन 15, पायराझिनामाइड 35, इथॅम्ब्युटॉल 20. पण बाजारातल्या मुलांच्या एकत्रित गोळ्या जुन्याच मापाच्या होत्या, त्यात रिफाम्पिसिन 60 आणि आयसोनियाझिड 30 मिलीग्रॅम. त्यातून नवा डोस साधायला गोळ्या तोडाव्या लागत, सुट्या गोळ्या जोडाव्या लागत. रिफाम्पिसिन 75, आयसोनियाझिड 50 आणि पायराझिनामाइड 150 मिलीग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी 2015 च्या डिसेंबरमध्ये आली. आपल्याकडे तोवर आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत होती. 2017 मध्ये देशभर रोजचा डोस आणि वजनगट आले.

पुण्याचा संबंध इथे थेट येतो. ससूनशी जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्या मोठ्या चाचणीचं एक केंद्र होतं, जिने सौम्य टीबी असलेल्या मुलांना सहाऐवजी चार महिने उपचार पुरतात का हे पाहिलं. आफ्रिका आणि भारतातली 1204 मुलं त्यात होती, आणि 2022 मध्ये उत्तर आलं की पुरतात. ही मुलं नव्या, वाढीव डोसवर होती. म्हणून चार महिन्यांचा निष्कर्ष जुन्या डोसला लावता येणार नाही.

यकृताइतकंच शरीरातलं पाणीही हिशोब बदलतं, फक्त वेगळ्या औषधांचा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पुणेकरांना ओळखीचं असलेलं स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच कुळातलं जेंटामायसिन पेशींबाहेरच्या पाण्यातच पसरतात. हे पाणी प्रौढात वजनाच्या सुमारे 20 टक्के असतं, नवजात बाळात 45 टक्क्यांच्या आसपास, आणि वर्षाच्या मुलातही प्रौढापेक्षा जास्तच. प्रौढात किलोमागे 0.25 लिटर जागा धरली तर किलोमागे 5 मिलीग्रॅम जेंटामायसिनने पातळी लिटरमागे 20 मिलीग्रॅमपर्यंत जाते. मुलात जागा 0.35 लिटर असेल तर त्याच डोसने ती 14 वर अडते, आणि 20 गाठायला 7 मिलीग्रॅम लागतात. पहिला डोस किती, हे पाणी ठरवतं. पुढचा डोस केव्हा आणि किती द्यायचा, हे निचरा ठरवतो.

म्हणूनच नवजात बाळाची गोष्ट उलटी आहे. त्याच्यात पाणी जास्त, पण निचरा मंद. 1959 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने नवजात बाळं राखाडी पडून दगावल्याचे अहवाल आले, कारण ते औषध निकामी करणारं विकर त्यांच्या यकृतात अजून तयार झालेलं नव्हतं. जास्त डोसची गरज सहसा पहिल्या काही महिन्यांनंतर सुरू होते आणि शाळकरी वयात हळूहळू कमी होते. सगळ्या औषधांना ती लागूही नाही: पॅरासिटामॉलचा किलोमागचा डोस मुलांत आणि मोठ्यांत जवळपास सारखाच, 15 मिलीग्रॅमच्या आसपास. तेव्हा घरच्या घरी एका औषधाचा हिशोब दुसऱ्याला लावू नये.

टीबीच्या गोळ्यांत आज चूक होते ती बहुधा वजनगटाच्या सीमेवर. 8 ते 11 किलोला दोन गोळ्या, 12 ते 15 किलोला तीन. आठ किलोच्या मुलाला दोन गोळ्यांतून किलोमागे जवळपास 19 मिलीग्रॅम रिफाम्पिसिन मिळतं, तर अकराच्या पुढे गेलेल्याला तेरा-साडेतेरा. औषध लागू पडलं की भूक परत येते आणि मूल भराभर वजन धरतं. बारा किलो ओलांडूनही कार्डावर दोनच गोळ्या राहिल्या, तर डोस पुन्हा जुन्या मापाकडे सरकतो. दर महिन्याला वजन करून कार्डावरचा गट तपासायला सांगा, आणि उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत पाकिटावर 75, 50, 150 हे तीन आकडे आहेत का ते एकदा पाहून घ्या.