प्रसंगागणिक पण वाढवणे (कथातंत्र)

कथा, नाटक किंवा पटकथेत पात्राचे उद्दिष्ट तेच ठेवायचे आणि ते हुकले तर होणारे नुकसान, म्हणजेच पण, मात्र प्रत्येक प्रसंगात मोठे करत न्यायचे, असे हे तंत्र आहे. उद्दिष्ट साधे असले की ते अधिक खुलते. हरवलेले पत्र परत मिळवणे हे त्यातले जुने आणि हुकमी उदाहरण. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये एझेन स्क्रीबने घट्ट बांधणीच्या नाटकांची जी रीत रूढ केली, तिच्यात पत्रे आणि कागदपत्रे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतात. कागद छोटा असतो, लपवता येतो, चोरता येतो आणि वाचणारा बदलला की त्याची किंमतही बदलते.

या तंत्राचा उत्तम नमुना म्हणजे रोमानियन नाटककार इयोन लुका काराजाले याचे ‘हरवलेले पत्र’ (१८८४) हे चार अंकी प्रहसन. एका जिल्ह्याचा प्रीफेक्ट म्हणजे सरकारने नेमलेला प्रमुख तिपतेस्कू याने झोए या विवाहितेला लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी तिच्याकडून हरवते. ती एका दारुड्या नागरिकाला सापडते आणि त्याला आणखी पाजून विरोधी पुढारी कात्सावेंकू ती लंपास करतो. इथवर पणाला लागली आहे ती एका बाईची अब्रू. झोएचा नवरा त्राहानाके याला तर ती चिठ्ठी दाखवली गेलेलीच आहे, पण तो ती बनावट ठरवून मोकळा होतो. सर्वात उघड धोका नाटककाराने असा सुरुवातीलाच निकाली काढला, हे धाडस लक्षात घेण्यासारखे आहे. भीतीला आता दुसरीकडे वाढावे लागते.

ही भीती सार्वजनिक होते. कात्सावेंकूचे स्वतःचे वर्तमानपत्र आहे आणि चिठ्ठी त्यात छापण्याची धमकी आहे. न छापण्याची किंमत म्हणजे निवडणुकीतली उमेदवारी. आता एका घराच्या अब्रूबरोबर जिल्ह्याची सत्ताही पणाला लागली. तिपतेस्कू कात्सावेंकूला पकडून आणवतो, त्याच्या घराची झडती घ्यायला लावतो; चिठ्ठी मिळत नाही. हा प्रसंग नुसता फसलेला प्रयत्न नाही. दांडगाईची वाट वापरून संपली आणि शत्रू दुखावला गेला. मग तिपतेस्कू त्याला इतर पदे आणि जमीन देऊ करतो. कात्सावेंकू उमेदवारीवर अडून बसतो. सौद्याची वाटही बंद होते. शेवटी झोए स्वतः त्याला पाठिंब्याचा शब्द देते, आणि लगेच राजधानीतून तार येते : भलताच माणूस निवडून आणायचा आहे. दिलेला शब्द पाळला तर वरिष्ठ दुखावतात, मोडला तर चिठ्ठी छापली जाते. मागणी अजूनही तेवढीच आहे, एक कागद परत हवा. पण आता गप्प बसणेही महाग पडणार आहे.

काराजालेची बांधणी पाहिली की पण वाढण्याची खूण हाती लागते. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी विचारावे : पात्राने याच क्षणी नाद सोडला तर काय जाईल? उत्तर मागच्या प्रसंगाइतकेच येत असेल, तर पण वाढलेला नाही, फक्त धावपळ वाढली आहे. दुसरी कसोटी क्रमाची. दोन प्रसंगांची अदलाबदल करूनही गोष्ट तशीच चालत असेल, तर पहिल्याने दुसऱ्यासाठी काही बंद केलेले नाही. झडती तारेनंतर ठेवून पाहिली तर हे नाटक कोसळते, कारण झोएचा शब्द झडती फसल्यामुळेच द्यावा लागला आहे.

नवोदितांच्या लेखनात दोन चुका नेहमी दिसतात. एक, पहिल्याच प्रसंगात कुणाचा तरी जीव धोक्यात घालणे. मग पुढे चढायला पायरीच उरत नाही आणि लेखक अपघात, आगी, पाठलाग आणत सुटतो. दुसरी चूक अधिक फसवी : संकट बाहेरून, योगायोगाने येते. काराजालेची तारही बाहेरूनच येते, पण ती चालते, कारण ती आधी दिलेल्या शब्दावर नेमकी आदळते. शब्द दिलेला नसता तर ती नुसती बातमी ठरली असती.

चढ सतत हवाच असे नाही. तिसऱ्या अंकात निवडणुकीची सभा भरते आणि लांबलचक भाषणे होतात. चिठ्ठीचा शोध तेवढा वेळ थांबलेला असतो. तरीही प्रेक्षक सैल पडत नाही, कारण उमेदवाराचे नाव जाहीर होताच काय घडेल हे त्याला ठाऊक असते. सभेच्या मारामारीत कात्सावेंकूची टोपी हरवते आणि चिठ्ठी तिच्याच अस्तरात असते, हे मात्र चौथ्या अंकात कळते. ती टोपी सापडते पुन्हा त्याच दारुड्याला, आणि तो चिठ्ठी इमानाने झोएच्या हाती देतो. त्याआधी राजधानीने लादलेला उमेदवार दांदानाके येऊन सहज सांगून टाकतो, की त्यालाही उमेदवारी अशाच एका पत्राच्या जोरावर मिळाली. ते पत्र मात्र त्याने परत केलेले नाही.