पोटातलं बाळ गेल्यावर नवऱ्याने लिहिलेल्या चार ओळी: मागची पार्श्वभूमी

पोटातलं बाळ गेल्यावर नवऱ्याने बायकोला मोबाईलवर चार ओळी लिहायच्या, त्यात सल्ला नाही, "पुढच्या वेळी" नाही, फक्त मला पण वाईट वाटतंय आणि मी येतोय एवढंच, हे सांगली-मिरजेकडं फार तर दहा-बारा वर्षांपासून दिसायला लागलं. मी मिरजेत एका प्रसूतिगृहात बरीच वर्षं कामाला होते, त्यामुळं मला जास्त माहिती आहे ती याच काळाची. जुनं थोडक्यात सांगते.

जुनं म्हणजे सोयरसुतकाचे नियम. पंढरपुरात १७९० साली लिहून झालेल्या धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात असं आहे की पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला तर आईला तीन रात्रींचं, चौथ्या महिन्यात चार रात्रींचं, आणि बापाला नुसती आंघोळ. पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर त्याला तीन दिवस. हा हिशोब शुद्धीचा आहे, दुःखाचा नाही, हे मान्य. पण पिढ्यानपिढ्या घरात जे बघितलं जातं तेच अंगवळणी पडतं, आंघोळ केली की तो मोकळा, दुसऱ्या दिवशी कामावर. त्याला कुणी विचारत नव्हतं आणि तो पण कुणाला सांगत नव्हता.

पुढं कायदे आले तरी बापाची जागा काही बदलली नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भ गेला तर नोकरदार बाईला सहा आठवडे पगारी रजा ठेवली, ही मोठी गोष्ट होती (शेतात नाहीतर घरकामाला जाणाऱ्या बाईला मात्र त्याचा काही उपयोग नाही), पण नवऱ्याचा त्यात उल्लेखच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यात पोटातच गेलेल्या बाळाची नोंद होते ती २८ आठवड्यांच्या पुढं, त्याच्या आधी गेलेल्याची कुठंच नाही. दवाखान्यात नवऱ्याचं काम म्हणजे बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, फॉर्मवर सही करायची, मेडिकलमधून औषधं आणायची आणि बिल भरायचं. मी कितीतरी माणसं बघितली, पावत्या खिशात नीट घडी करून ठेवणारी आणि आत काय झालं हे विचारायला पण कचरणारी. त्यात २०१७ ला मिरजेजवळ म्हैसाळला बेकायदा गर्भपात करून पुरलेले भ्रूण सापडल्याचं प्रकरण झालं, त्यानंतर बरेच दिवस आपल्या भागात गर्भ गेला म्हटलं की "नक्की आपोआप ना?" अशी नजर यायची, आणि डिस्चार्ज कार्डवर आपोआप गेलेल्या गर्भाला पण डॉक्टरी भाषेत "मिस्ड अबॉर्शन" लिहिलेलं असायचं ते वाचून घरातलेच दचकायचे. मग जोडपी अजूनच गप्प झाली.

आणि बोलायचं म्हटलं तरी कशावरून? हे लोकांच्या लक्षात येत नाही. आंतरदेशीय पत्र घरात कुणीही फोडायचं. फोन शेजारच्यांकडं यायचा नाहीतर एसटीडी बूथवर रांगेत उभं राहून, मागचा माणूस ऐकतोय. नंतर मोबाईल आले पण सुरुवातीला घरात एकच, तो बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. नवराबायकोला दोघांचं असं काही लिहायला-बोलायला वाट मिळाली ती बाईच्या हातात स्वतःचा फोन आल्यावर, आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर तर खेड्यापाड्यात पण व्हॉट्सॲप पोचलं. माझ्या मते हा मेसेज लिहिला जायला लागला त्याचं अर्धं कारण हेच आहे.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे माहेर. यावर जरा जास्त लिहिते कारण घराघरात वाद होतो तो इथंच.

गर्भ गेला, पिशवी साफ केली की दोन-तीन दिवसांत तिला माहेरी पाठवायचं, ही आपल्याकडची पद्धत. तिच्या मागं चांगला विचार आहे हे पहिलं सांगते. सासरी राहिली तर चौथ्या दिवशी चुलीपुढं उभी राहते, दारात येणारी प्रत्येक बाई "काय खाल्लं होतंस, गाडीवर बसली होतीस का" विचारते, आणि आईच्या घरात निदान झोपायला तरी मिळतं, गरम वरणभात हातात मिळतो. आठ-पंधरा दिवस रक्त जात असतं, अंगात ताकद नसते, अशा वेळी आई लागते. हे सगळं खरं आहे.

पण याची दुसरी बाजू कुणी मोजत नाही. ज्या दोघांचं बाळ गेलं ते दोघं नेमके त्याच महिन्यात वेगळे होतात. जावई सासुरवाडीला चार रात्री राहिला तर लोक काय म्हणतील म्हणून तो राहत नाही, फोन केला तर आई उचलते आणि "झोपलीय, बरी आहे" सांगते, आणि महिन्याने ती परत येते तेव्हा घरात विषय बंद झालेला असतो. तो गप्प राहतो ते तिला आठवण नको म्हणून, आणि ती समजते याला काही वाटलंच नाही. परदेशात अशा जोडप्यांचा अभ्यास झालाय त्यात पण हेच दिसलं, पुरुषाचं दुःख असतं पण तो ते आधार देण्याच्या नावाखाली दाबतो आणि बायको त्याचा अर्थ उलटा लावते. आपल्याकडं त्यात अंतराची भर. माझं मत स्पष्ट आहे, जायचं का राहायचं हे दोन्हीकडच्या आयांनी ठरवू नये, तिला विचारावं, आणि ती गेली तर त्यानं पण पहिल्या दोन रात्री तिथंच राहावं. हे ज्या घरात होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी होत नाही, तिथं मोबाईलवरच्या त्या चार ओळीच काय ते उरतं.

माझ्या ओळखीतलं एक जोडपं आहे, दोघांनी लिहायला हो म्हटलंय. तो कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, तिचं माहेर विट्याकडं. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणून कळलं, पिशवी साफ करून तिसऱ्या दिवशी भाऊ तिला घेऊन गेला. पहिले दोन दिवस यानं काहीच लिहिलं नाही. मग लिहिलं, "टेन्शन घेऊ नको, पुढच्या वेळी चांगल्या डॉक्टरला दाखवू, गोळ्या टाइमवर घे." निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ती नंतर मला म्हणाली, "पुढचं कशाला काढलं त्यांनी, हेच अजून माझ्या पोटातनं गेलं नव्हतं." शरीराच्या हिशोबानं पण ते खरंच होतं, कारण गर्भ गेला तरी गरोदरपणाचं हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, टेस्ट केली तर दोन रेघा येऊ शकतात, मळमळ पण लगेच थांबत नाही. आणि "चांगल्या डॉक्टरला" म्हटलं की आधी काहीतरी चुकलं असा अर्थ निघतो, जो त्याच्या मनात पण नव्हता.

पाचव्या रात्री त्यानं दुसरा मेसेज पाठवला, तो असा:

"मम्मींनी सांगितलं तू झोपलीयस म्हणून फोन करत नाही. उत्तर देऊ नको. आपलं बाळ गेलं, मला पण लई वाईट वाटतंय. काय बोलायचं कळत नव्हतं म्हणून गप्प होतो. शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली की रात्रीच गाडी काढतो, रविवारी दिवसभर तिथंच आहे. बोलावं वाटलं तर बोल, नाहीतर नुसतं बसू."

यात काय आहे बघा. "आपलं बाळ गेलं" असं सरळ म्हटलंय, "जे झालं ते" असं नाही. गप्प का होतो ते सांगितलंय, म्हणजे तिचा दोन दिवसांचा गैरसमज सुटला. उत्तराचं ओझं काढून घेतलंय. आणि येणार कधी ते वार आणि शिफ्टसकट लिहिलंय, "काही लागलं तर सांग" असं म्हणून काम तिच्यावर ढकललेलं नाही. तिनं रात्री दीडला लिहिलं, "माझ्यामुळं झालं का, मी त्या दिवशी पाण्याची घागर उचलली होती." इथं मात्र त्यानं गप्प राहायचं नव्हतं आणि तो राहिला पण नाही. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भात गुणसूत्रांचाच दोष असतो, तो गर्भ धरतानाच ठरलेला असतो, घागरीनं किंवा पपईनं काही होत नाही. त्यानं ते तसंच लिहिलं, "नाही, तुझ्यामुळं नाही, डॉक्टर म्हणाले ते सुरुवातीपासूनच नीट तयार झालं नव्हतं." तिनं विचारलं म्हणून दिलेलं उत्तर हा सल्ला होत नाही, तेच न विचारता पहिल्याच दिवशी पाठवलं असतं तर झाला असता.

पुढचा चान्स कधी घ्यायचा हा विषय दोन्हीकडच्या घरांनी आठवड्यातच काढला. २००५ साली जागतिक पातळीवर सहा महिने थांबा असा सल्ला निघाला होता, नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिले म्हणून नुकसान दिसलं नाही, त्यामुळं आता डॉक्टर पण वेगवेगळं सांगतात. ते बोलणं तिची पाळी परत आल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तिनं काढलं तर. तोपर्यंत त्यानं दोन्ही आयांना स्वतः फोन करून सांगितलं की हा विषय तिच्यापुढं नको, आणि मला विचाराल तर मेसेजपेक्षा पण ते काम मोठं होतं.

बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलं असेल तर मामला वेगळा असतो. तिला दूध येऊ शकतं, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि घरात कुणी आधी सांगितलेलं नसतं, त्यामुळं ती एकटीच न्हाणीघरात रडत बसते. नवऱ्याला हे माहीत असलं पाहिजे म्हणजे तो त्या दिवसात फोन करेल, जाईल.

नुसत्या मेसेजवर भागत नाही अशा पण वेळा असतात. लागोपाठ दोन तास तासाला दोन-दोन पॅड भिजत असतील, ताप आला, घाण वास यायला लागला तर "आराम कर" न लिहिता लगेच दवाखान्यात न्यायचं. दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, कुणाशीच बोलत नाही असं दिसलं तर डॉक्टरला दाखवायचं, आणि जगायचंच नाही असं एकदा जरी बोलली तरी तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी न्यायचं. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन रात्री पण चालू असते, आणि नवऱ्याने स्वतःसाठी लावली तरी चालते.

रजेचं मात्र अजून तिथंच अडलंय. केंद्र सरकारी नोकरीत २०२२ पासून मृत बाळ जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर आईला ६० दिवसांची खास रजा आहे, बापाला तशी नाही, आणि खाजगीत तर त्याचा विचारच नाही. त्या कुपवाडच्या पोरानं रविवारला जोडून सोमवार घेतला तेव्हा रजेच्या अर्जात कारण लिहिलं "घरगुती". सुपरवायझरनं अर्ज हातात धरून विचारलं, घरगुती म्हणजे काय. त्यानं सांगितलं, माझं बाळ गेलं साहेब. मंगळवारची पण मिळाली.